शिळा भात नसताना केलेला फ्राइड राइस

पुण्यातील एका उपाहारगृहाच्या चायनीज विभागात मी काम करतो. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी शीतगृह उघडले, तेव्हा आतली हवा बाहेरच्याइतकीच दमट लागली. रात्री केव्हातरी वीज गेली होती आणि परत आल्यावर यंत्र सुरू झालेच नव्हते. आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवलेल्या भाताच्या थाळ्यांत तापमापक खोचला, तर पारा सतरा अंशांवर होता. दुपारी एकला एका कार्यालयासाठी चाळीस प्लेट व्हेज फ्राइड राइस द्यायचा होता.

माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, भाताला वास नाही, चिकटही झालेला नाही. भट्टीवर परतला की सगळं मरेल ना?" त्याचा प्रश्न रास्त होता, पण भाताच्या बाबतीत नेमके हेच होत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवतानाही तगतात, आणि भात तासन्‌तास कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष भट्टीच्या आचेनेही नष्ट होत नाही आणि नाकालाही कळत नाही. भात किती वेळ कोमट होता हे ठाऊक नसल्यामुळे मी तो सगळा टाकायला लावला.

शिळ्या भाताचा आग्रह कशासाठी असतो, हे त्या दिवशी कामाला आले. थंडीत भातातील स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि उघड्या थाळीत दाण्याच्या पृष्ठभागावरचा ओलावा उडून जातो. त्यामुळे दाणा झाऱ्याचा मार सोसतो आणि शेजारच्या दाण्याला धरून बसत नाही. पैकी स्टार्च घट्ट होण्याला पुरेसा वेळ लागतो, तो माझ्याकडे नव्हता. पृष्ठभाग कोरडा करणे मात्र हातात होते.

चार किलो जुना बासमती पाणी निवळ येईपर्यंत धुतला, वीस मिनिटे भिजवला आणि भरपूर खळखळत्या पाण्यात मीठ घालून शिजवला. दाणा बोटांत चेपला असता मध्ये बारीक कणी लागते, त्या क्षणी तो वेळून घेतला. पूर्ण बोटचेपा होऊ दिला असता तर पुढची सगळी मेहनत वाया गेली असती. लगेच तो थाळ्यांत बोटभर जाडीहून कमी पसरला आणि पंख्याखाली ठेवला. ढीग करून ठेवलेला भात स्वतःच्या वाफेत शिजत राहतो आणि मधला भाग गिच्च होतो, म्हणून पातळ थर आवश्यक असतो. वाफ थांबताच थाळ्या न झाकता दुसऱ्या चालू शीतपेटीत सरकवल्या. बारा वाजता दाणा हाताला थंड आणि कोरडा लागला, पण रात्रभर ठेवलेल्या भातासारखा कडक नव्हता.

तेवढ्यामुळे परतण्याची रीत बदलावी लागली. एरवी आम्ही एका कढईत तीन प्लेट काढतो, त्या दिवशी दोनच काढल्या. कढईतून धूर निघू लागल्यावर तेल, मग लसूण, लगेच गाजर आणि फरसबी, नंतर कोबी आणि सिमला मिरची. भाज्या कुरकुरीत असतानाच भात. कढईत जास्त माल पडला तर तिचे तापमान कोसळते, भाज्या पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी उकडणे सुरू होते. हे डोळ्यांआधी कानाला कळते: तडतड थांबून बुदबुद ऐकू येऊ लागली की घाणा बिघडला. घाईत मुलाने एकदा तिसरी प्लेट ओतली, तेव्हा हाच आवाज बदलला आणि दाणे गुठळ्यांनी फिरू लागले. तो घाणा बाजूला काढून नवा घेतला.

झाऱ्याने भात दाबायचा नाही, खालून उचलून उलटायचा, हा नियम नरम दाण्याला अधिक कसोशीने पाळावा लागतो. सोया सॉस रोजच्यापेक्षा निम्मा घेतला आणि भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडला. तिथे त्यातले पाणी उडते आणि भात भिजत नाही. कमी पडलेला खारटपणा मिठाने भरून काढला, शेवटी पांढरी मिरी आणि कांद्याची पात घातली आणि आच बंद केली.

भात फडफडीत उतरला. तरीही रात्रभर ठेवलेल्या भाताचा दाणा चावताना जो आतून ठाम लागतो, तो यात नव्हता, आणि भट्टीवर मिनिटभर जास्त राहिला असता तर तो तुटू लागला असता. म्हणून डबे भरतानाही सावध राहिलो, कारण गरम भातावर लगेच झाकण लावले की वाफेचे थेंब परत भातावरच पडतात. झाकणे पाच मिनिटे उघडी ठेवली, प्रत्येक डबा काठोकाठ न भरता वर थोडी जागा सोडली आणि वाफ निवल्यावरच गाडी लगोलग रवाना केली.