लाल दिवा लावू देत नव्हते: साप्ताहिक स्टेटस रिपोर्टचा माझा अनुभव

रिपोर्टचा टेम्प्लेट, आठवड्याची कामं, पुढच्या आठवड्याचा प्लॅन, यात सांगण्यासारखं काही नाही. तासाभरात होतं. माझं डोकं फिरलं ते कामाची स्थिती दाखवणाऱ्या हिरवा, अंबर, लाल यांतल्या एका रंगावरून.

ग्राहकाच्या नेटवर्क टीमने फायरवॉलमध्ये 443 पोर्ट उघडल्याशिवाय आमचं इंटिग्रेशन टेस्टिंग सुरू होणार नव्हतं. तिकीट टाकलेलं होतं, आणि रिपोर्टमध्ये दर आठवड्याला अंबर रंग आणि शेजारी "फॉलोअप सुरू आहे" एवढंच जायचं. हे वाचून वरच्या माणसाने करायचं काय? त्याच्याकडे काही मागितलेलंच नाही.

मग मी तारखेवरून उलटं मोजलं. यूएटी, म्हणजे ग्राहकाने स्वतः करायची स्वीकृती चाचणी, सोमवारी, 18 तारखेला. टेस्टिंगला कामाचे पाच दिवस, म्हणजे 11 ते 15. म्हणजे पोर्ट शुक्रवारी 8 तारखेपर्यंत उघडायलाच हवा. त्यानंतर जेवढे दिवस जातील तेवढी यूएटी पुढे. गुरुवारी 7 तारखेला मी रकाना लाल केला. मॅनेजर म्हणाले, "लाल बघून वरून उगाच प्रश्न येतील, अंबरच ठेव." अहो, प्रश्न यावेत म्हणून तर लाल! आतून लाल असूनही बाहेरून बरं दाखवणाऱ्या अशा रिपोर्टला आमच्यात कलिंगड म्हणतात.

वाद घालण्याऐवजी मी रिपोर्टच्या तळाशी व्याख्या लिहिली. तारीख धोक्यात आहे पण उपाय टीमच्या हातात आहे, तर अंबर. तारीख हुकणार आणि उपाय टीमच्या हाताबाहेर आहे, तर लाल. आता अंबर ठेवायचं तर आधी व्याख्या खोडावी लागली असती. मॅनेजर गप्प बसले. ब्लॉकरची ओळ अशी लिहिली:

"फायरवॉलचं तिकीट मंजुरीसाठी अडकलं आहे. नेटवर्क प्रमुखांनी ते 8 तारखेपर्यंत मंजूर करावं. त्यानंतर प्रत्येक कामाच्या दिवसामागे यूएटी एक दिवस पुढे जाईल."

हो, एक राहिलं: रिपोर्ट पाठवण्याआधी नेटवर्क प्रमुखांना फोन केला होता. आपलं नाव लाल रकान्यात आहे हे त्यांना त्यांच्या साहेबांकडून कळलं असतं, तर पुढची तिकिटंही रखडली असती. आणि बजेट, स्कोप हिरवे आहेत म्हणून एकूण रंग अंबर करू नका. आमच्याकडे सगळ्यात वाईट रकान्याचा रंग तोच प्रोजेक्टचा रंग.

पोर्ट मंगळवारी, 12 तारखेला संध्याकाळी उघडला. टेस्टिंग 13 ते 19, यूएटी 20 ला. लगेच मॅनेजरचा मेसेज: "आता हिरवा कर." नाही केला. मंजूर तारीख अजून 18 च होती. ग्राहकाने 20 तारीख ईमेलवर मान्य केली, तेव्हाच रंग बदलला.