मावसांचा कॉम्प्युटर, माझा माऊस

"गावाकडच्या माणसाचा कॉम्प्युटर तू पुण्यात बसून रिमोटने दुरुस्त करतोस, त्यात धोका नाही का? आणि काम झाल्यावर नुसतं बंद केलं की पुरतं का?"

पुरत नाही. का, ते आमच्या मावसांच्या उदाहरणावरून सांगतो. धोक्याचं उत्तरही त्यातच आहे.

मावसांचं शिरपूरला कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच बिलाच्या कॉम्प्युटरवर उजवीकडे खाली चौकटी उगवायला लागल्या. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा." एक बंद केली की दुसरी. मावसांनी त्या नंबरवर फोन केला नाही, मला केला. अर्धं काम तिथंच झालं, कारण त्या नंबरवरचा माणूससुद्धा रिमोटच मागतो.

आमच्यात एक ठरलेलं आहे: फोन मावसांनी मला करायचा. कधी मीच आधी केला तर त्यांनी तो ठेवायचा आणि त्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह असलेल्या माझ्या नंबरवर उलट लावायचा. मावशीला हे जरा अति वाटतं. पण रिमोटच्या फसवणुकीत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा खरंच असतं, खोटा असतो तो फोनवरचा माणूस. २०१९च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या रिमोटच्या सॉफ्टवेअरच्या आडून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. २०२४च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहिलं की त्यांच्या क्विक असिस्ट या रिमोट मदतीच्या ॲपचाही चोर तसाच वापर करतात. म्हणून "कोणतं सॉफ्टवेअर सुरक्षित?" या प्रश्नाला मी फार महत्त्व देत नाही. फोन कोणी कोणाला लावला, ते आधी बघतो.

तरी सॉफ्टवेअर निवडावं लागतंच. विंडोजवर मी क्विक असिस्ट घेतो. विंडोज ११मध्ये ते आधीपासून असतं आणि ते मागे कायमचा पासवर्ड ठेवत नाही. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप मात्र या कामाला नको. विंडोजची होम आवृत्ती असलेल्या कॉम्प्युटरमध्ये त्यातून बाहेरून शिरता येत नाही. प्रो असली तरी मी आत शिरलो की समोर बसलेल्या माणसाचा स्क्रीन लॉक होतो, म्हणजे मी काय करतोय ते मावसांना दिसणारच नाही. त्यासाठी राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत यायचं दार, उघडून ठेवायला सांगणारे व्हिडिओ आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

मी माझ्याकडे क्विक असिस्ट उघडून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलो आणि Help someone दाबलं. सहा जागांचा कोड मिळाला, तो दहा मिनिटं चालतो. मावसांना फोनवर सांगितलं, Ctrl आणि विंडोजचं बटण धरून Q दाबा. खिडकी उघडली, त्यांनी कोड टाकला. त्यांना कुठलंही खातं लागत नाही. मग त्यांच्याकडे परवानगीची खिडकी आली. ती मोठ्याने वाचल्याशिवाय Allow दाबायचं नाही, असं मी सांगून ठेवलंय. Allow झालं आणि मला त्यांचा स्क्रीन दिसू लागला. पण नुसताच दिसतो, माऊस अजून त्यांच्याच हातात असतो.

इथं मी मुद्दाम थांबतो. "मावसा, व्हॉट्सॲप वेब बंद करा. बँकेचं पान उघडं असेल तर तेही. आज काम एकच, या चौकटी घालवायच्या." काय करायचं ते आधी बोलून ठेवलं की ते कधी संपलं हे दोघांनाही कळतं. नाहीतर "आलाच आहेस तर" म्हणत सत्र दुपारभर चालतं आणि कोण कशासाठी आत आहे, याचा हिशेब राहत नाही.

चौकट नीट पाहिली तर तिच्यावर ब्राउझरचं नाव आणि खाली कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता होता. कॉम्प्युटरमधल्या खऱ्या अँटीव्हायरसचा इशारा ब्राउझरच्या नावाने येत नाही. म्हणजे हा व्हायरस नव्हता, नोटिफिकेशनची परवानगी होती. "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला Allow दाबा" असं एखाद्या पानाने म्हटलं असणार आणि कोणीतरी दाबलं असणार. इतकं समजल्यावर मी माऊससुद्धा मागितला नाही. क्रोमच्या पत्त्याच्या जागी मावसांनाच टाइप करायला लावलं:

```
chrome://settings/content/notifications
```

परवानगी दिलेल्या साइट्सची यादी समोर आली. त्यांना ओळखीची वाटली ती एक ठेवली, बाकीच्या त्यांनीच काढल्या. चौकटी थांबल्या. सोबत विंडोज सिक्युरिटीचा क्विक स्कॅन लावला, त्यात काही निघालं नाही.

बसवलेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून बघायची होती, म्हणून मग Request control दाबलं आणि मावसांनी परवानगी दिली. यादीत एक रिमोटचं सॉफ्टवेअर निघालं. मावसा म्हणाले, मागे प्रिंटर बसवायला आलेल्या मुलाने टाकलं होतं. उघडून पाहिलं तर त्यात विनासंमती जोडणीचा पासवर्ड ठेवलेला. कॉम्प्युटर चालू असेल तेव्हा त्या पासवर्डवर कोणीही, कुठूनही आत येऊ शकतं, समोर कोणी Accept दाबायची गरज नाही. दुकानाची दुसरी किल्ली परक्याकडे राहावी, तसं. त्या मुलाने वाईट हेतूने केलं असेल असं मला वाटत नाही. परत यायला लागू नये म्हणून ही मंडळी सर्रास तसं करतात. पण तो पासवर्ड त्याने कुठे लिहून ठेवलाय आणि आणखी किती दुकानांत तोच ठेवलाय, हे आपल्याला कुठून कळणार?

तरीही मी ते लगेच काढलं नाही. कॉम्प्युटर मावसांचा. शिवाय बिलिंगवाले कधी कधी अशाच सॉफ्टवेअरमधून अपडेट करतात, ते तोडलं तर ऐन गर्दीत बिलं अडकायची. मावसांनी दोघांनाही फोन लावून विचारलं. बिलिंगवाल्यांना त्याची गरज नव्हती. प्रिंटरवाला म्हणाला, "राहू द्या काका, पुढे सोयीचं पडतं." मावसांनी काढायचं ठरवलं.

Uninstall दाबलं आणि माझ्याकडचा स्क्रीन काळा झाला. पहिल्यांदा हे बघणारा घाबरतो, जोडणी तुटली असं समजतो. पण विंडोज मोठा बदल करायच्या आधी विचारतं तो पडदा वेगळा असतो, तो मदतनिसाला दिसतच नाही. त्याच्यावर हो-नाही म्हणायचं ते समोरच्या माणसानेच.

"मावसा, मला काळं दिसतंय."

"माले तं दखाई राहिनं भो."

"मग वाचा काय लिहिलंय ते."

त्यांनी सॉफ्टवेअरचं नाव वाचलं, बनवणाऱ्याचं नाव वाचलं. पट्टी निळी होती. ती पिवळी असती, म्हणजे बनवणारा विंडोजच्या ओळखीचा नसता, तर "नाही" दाबून आधी शोध घ्यायला लावलं असतं. काही जण सोयीसाठी ही विचारणाच बंद करून टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. पूर्ण सत्रात मावसांच्या होकाराशिवाय मी जिथे पुढे सरकूच शकत नाही, अशी ही एक जागा आहे.

काढून झालं. रीस्टार्ट केला, तशी माझी जोडणी तुटली. परत बघायचं तर नवा कोड लागतो, मी तो दिला, मावसांनी परत Allow दाबलं. यादीतून ते नाव गेलं होतं, खाली घड्याळाजवळच्या चिन्हांतही नव्हतं. ठरलेलं काम संपलं.

तेवढ्यात मावसा म्हणाले, जीएसटीचा भरणा झाला का तेवढंही बघून घे, आणि त्यांनी बँकेचं पान उघडायला घेतलं. मी म्हटलं थांबा, आणि Leave दाबलं. त्यांना थोडं लागलं असावं, घरच्याच पोरापासून काय लपवायचं? पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात हे खरं, पण शिल्लक दिसते, खाती दिसतात, कधी कधी कॉम्प्युटरवर आलेला ओटीपीही दिसतो. आणि माझी भीती माझ्या डोळ्यांची नाहीच. दुसरा कोणी स्क्रीन बघत असताना बँकेत शिरायची सवय एकदा माझ्यासोबत लागली, तर उद्या बँकेचं नाव सांगणाऱ्या चोरालाही ती सवय आयती मिळते. बँकेचं काम निघालं की सत्र संपवायचं. तसंच माणूस गिऱ्हाइकाकडे उठून गेला की संपवायचं, फोन कटला की संपवायचं. लाइट गेली तर ते आपोआपच संपतं.

Leave दाबल्यावरही एक गोष्ट उरते. वरची शेअरिंगची पट्टी गेली का, ते मावसांनी बघायचं. मग क्विक असिस्टची खिडकी बंद करायची. कोड एकदा वापरला की मेला, त्यामुळे इथं मागे काही राहत नाही. दुसरं एखादं रिमोट सॉफ्टवेअर वापरावं लागलं असेल तर मात्र फोन ठेवायच्या आधी ते काढून टाकायचं, "पुढच्या वेळेला कामी येईल" म्हणून ठेवायचं नाही.

आणि न बोलावता माऊस हलताना दिसला तर? माऊसशी झटापट करत बसू नका. वायफाय किंवा हॉटस्पॉट बंद करा, वायर असेल तर उपटा, नाहीतर पॉवरचं बटण कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत दाबून धरा. बँकेला फोन करून खातं थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, जितकं लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, त्याच कॉम्प्युटरवरून नाही.

मोबाइलचं विचाराल तर तो मी रिमोटने घेतच नाही. यूपीआय, ओटीपी, बँकेचं ॲप, सगळं त्या एकाच स्क्रीनवर. मावशीच्या फोनमध्ये काही बिघडलं की मावसा त्यांच्या फोनने त्याचा फोटो काढून पाठवतात आणि कुठे दाबायचं ते मी बोलून सांगतो. वेळ लागतो, मावशी वैतागते, पण आम्ही तसंच करतो.