पडवीतला दिवा आणि आठ बल्ब

आमच्या सांगलीच्या घराच्या पडवीत एक दिवा आहे, भिंतीतून बाहेर आलेला पितळी दांडा आणि त्याला उलटा लटकवलेला काचेचा घुमट, सासऱ्यांनी घर बांधताना १९७८ साली हौसेनं लावलेला. दिसायला झकास. पण हा दिवा बल्ब खातो. खातो म्हणजे अक्षरशः खातो, चौदा महिन्यांत आठ एलईडी बल्ब, म्हणजे पावणेदोन महिन्याला एक. हॉलमधला त्याच दुकानातून आणलेला बल्ब तीन वर्षं हसतखेळत चालू आणि इथं मात्र दर सणाला नवा.

आठ हा आकडा मी अंदाजपंचे सांगत नाहीये. तिसरा गेला तेव्हा मी चिडून नव्या बल्बच्या बुडाशी मार्करनं तारीख लिहायला लागले आणि गेलेले सगळे एका बुटाच्या खोक्यात ठेवत गेले. आमचे हे म्हणाले, संग्रहालय काढणारेस का. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मत होतं की त्या जागेला नजर लागलीय, बाबा असताना असं कधी नव्हतं. (होतं हो, बाबा गुपचूप बदलायचे, एवढंच.)

शेजारीपाजारी विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच, व्होल्टेज जास्त असणार. आता व्होल्टेज हा आरोपी तसा खोटा नाही. आपल्याकडे घरात २३० धरतात, पण रात्री सगळीकडचे पंप, गिरण्या, टीव्ही बंद झाले की लाईनवरचा भार कमी होतो आणि व्होल्टेज चढतं, ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर जास्तच. जुन्या तारेच्या बल्बला हे फार लागायचं, व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर यायचं, कारण तार जास्त तापते आणि भराभर झिजते. म्हणून मी वायरमन मामांकडून मल्टिमीटर मागून आणला, त्यांनी कुठं धरायचं आणि कुठं मुळीच बोट लावायचं नाही ते दाखवलं, आणि मी हॉलच्या प्लगमध्ये दोन दिवस मोजत बसले. रात्री नऊला २२८, एक वाजता २४६. म्हणजे चढतंय खरं. पण गंमत अशी की तेच २४६ हॉललाही मिळतंय, किचनलाही मिळतंय, आणि तिथले बल्ब धडधाकट. घरभर एकच पाणी येतंय आणि एकाच नळाखालची बादली फुटतेय तर दोष पाण्याला कसा देणार.

हां, एक गोष्ट मामांनी मुद्दाम विचारली, मिक्सर किंवा गिझर लावला की काही दिवे मंद आणि काही एकदम लख्ख होतात का? तसं होत असेल तर न्यूट्रल कुठंतरी सुटत आलेला असतो, मग एका बाजूला २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे सुद्धा जाऊ शकतं आणि बल्बच काय फ्रीज टीव्ही सगळंच जातं. तिथं घरी खटपट करायची नाही, मेन बंद करून थेट वीज कंपनीला फोन. आमच्याकडे तसं काही नव्हतं.

मग एका रविवारी दुपारी मी बुटाचं खोकं उघडलं आणि मला सुचली ती गोष्ट इतकी साधी की वर्षभर का सुचली नाही याची लाज वाटली. मी ते आठही मेलेले बल्ब एकेक करून किचनच्या होल्डरमध्ये लावून बघितले.

तीन लागले! चक्क लागले, लख्ख, जणू काही झालंच नव्हतं. म्हणजे गेल्या चौदा महिन्यांत मी तीन जिवंत बल्बांना खोक्यात पुरलं होतं. उरलेल्या पाचातला एक असा निघाला की त्याची पत्र्याची टोपी वेगळी गरगर फिरत होती आणि प्लास्टिकचं धड वेगळं, तो मात्र आमच्याच हातानं मेलेला. होल्डरमध्ये टोपी घट्ट अडकलेली, ह्यांनी जोर लावून पिळला, टोपी जागेवर राहिली आणि धड फिरलं, आतली बारीक तार तुटली. ही टोपी निसटायची भानगड जुन्या काचेच्या बल्बात तर अजून वाईट, तिथं टोपी काचेला सिमेंटसारख्या लुकणानं चिकटवलेली असते, वर्षानुवर्षं तापून ते लुकण भुसभुशीत होतं आणि काढताना काच हातात, टोपी होल्डरमध्ये. आतल्या दोन तारा पिळून एकमेकींना टेकल्या आणि कुणी तोच बल्ब परत लावला की खाट्कन एमसीबी पडतो. म्हणून टोपी हलत असलेला बल्ब परत लावायचाच नाही, लागत असला तरी.

आणि मग राहिले खरे मेलेले चार. पांढरी टोपणं काढून बघितलं तर एकात छोट्या पिवळ्या चिपांच्या रांगेत एका चिपवर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका. या चिपा माळेसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात, एक तुटली की अख्खी माळ बंद. बाकी तिघांच्या चिपा स्वच्छ, म्हणजे त्यांचं खालचं सर्किट गेलेलं.

पण खरी खूण वेगळीच होती. आठही बल्बांच्या बुडाशी त्या ज्या दोन शिशाच्या टिकल्या असतात ना, होल्डरच्या पिना टेकतात त्या, त्यातली एक टिकली चकचकीत आणि दुसरी काळी, खड्डा पडलेली, जणू कुणी उदबत्तीनं चटका दिलाय. आठही बल्बांना एकेकच. हॉलमधला बल्ब काढून बघितला, दोन्ही टिकल्या सारख्या. तेव्हा मला कळलं की दोष होल्डरच्या एका पिनेत आहे.

खात्री करायला संध्याकाळी पडवीतला दिवा लावला आणि लाटण्यानं, कोरड्या लाकडी लाटण्यानं, पितळी दांड्याला हलकं टकटक केलं. दिवा मिचमिचला. शेजारी कान दिला तर चिट चिट असा बारीक आवाज. आई म्हणाल्या, लाटणं आधी धुऊन ठेव.

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी पहिलं काय केलं तर मेन बंद. मी म्हटलं, नुसतं बटण बंद केलं तर नाही चालणार का, तर म्हणाले, "वहिनी, जुन्या घरात बटण फेजवर आहे का न्यूट्रलवर हे बटणाला विचारून कळत नाही." बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा बंद असतानाही होल्डर जिवंतच असतो. मग टेस्टर लावून बघितलं आणि घुमट उतरवला.

होल्डर बेकेलाईटचा, काळा, आणि कडेनं चिरलेला. मामांनी एक पिन अंगठ्यानं दाबली, ती टुणकन परत वर आली. दुसरी दाबली, ती तशीच आत बसून राहिली, मग हळूच, मनाविरुद्ध उठल्यासारखी अर्धी वर आली. त्या पिनेमागची स्प्रिंग मेलेली. का मेली? तर बाबांच्या काळात या घुमटात शंभर वॉटचा बल्ब असायचा. पडवीत चिक्कार उजेड पाहिजे हा त्यांचा आग्रह, आणि बंद काचेत शंभर वॉट म्हणजे छोटी भट्टीच. तापून तापून स्प्रिंगचा ताव गेला, ती मऊ पडली. त्यानंतर आम्ही एलईडी लावले, तापायचं कमी झालं, पण एलईडी बल्ब जुन्या काचेच्या बल्बापेक्षा जड, त्यात हा होल्डर उलटा लटकणारा, सगळं वजन बल्ब खाली ओढतंय आणि पिन तर खाली येऊन त्याला दाबून धरायला तयार नाही. मग पिन आणि टिकलीमध्ये केसाएवढी फट राहते, त्या फटीतून ठिणगी उडत राहते, ठिणगीनं काजळी धरते, काजळीनं संपर्क अजून बिघडतो, तिथं उष्णता वाढते आणि स्प्रिंग अजून मऊ होते.

आणि वर होल्डरच्या स्क्रूखाली अजून एक प्रकरण. घराचं जुनं वायरिंग ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की काळाच्या ओघात पसरत जातं, बसतं, आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो, शिवाय त्याच्यावर जो ऑक्साईडचा थर येतो त्यातून वीज नीट जात नाही. मामांनी वायर नुसती धरली तर ती स्क्रूतून निसटून हातात आली, टोक काळं, वरचं इन्सुलेशन पापडासारखं कडक.

मी विचारलं, पण मामा, एवढ्यानं बल्ब मरतो कसा, लुकलुकेल फार तर. ते म्हणाले, एलईडीच्या बुडात अख्खं सर्किट बसवलेलं असतं, त्यात एक छोटा डबीसारखा कपॅसिटर. संपर्क तुटला-जोडला, तुटला-जोडला असं झालं की प्रत्येक वेळी तो रिकामा कपॅसिटर एकदम करंट ओढून भरतो, दर वेळी धक्का. वर ढिल्या पिनेची गरमी त्याच बाजूनं आत शिरते, आणि बंद घुमटात ती बाहेर जाणार कुठं. असल्या कपॅसिटरचं साधारण गणित असं की दहा डिग्री जास्त तापला की आयुष्य निम्मं. खोक्यातल्या तीन जणांची चिप स्वच्छ आणि सर्किट गेलेलं का होतं ते मला तेव्हा उमगलं. (नंतर बल्बचं खोकं नीट वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, बंद फिटिंगमध्ये वापरू नये. ते कोण वाचतं.)

दुरुस्ती अर्ध्या तासाची. वायरचं जळकं टोक कापलं, आत चांगली चकचकीत वायर लागेपर्यंत मागं गेले, सेंटिमीटरभर सोलली, नवा चिनीमातीचा होल्डर, स्क्रू आवळून मग वायर ओढून बघितली. होल्डर पन्नास-साठ रुपयांचा, आणि मी तोवर बल्बांवर किती घातले ते ह्यांना सांगितलेलं नाही. स्प्रिंग ताणून जुनाच होल्डर चालवता येईल का असं मी कंजूसपणे विचारलं होतं, तर मामा म्हणाले ताव गेलेली स्प्रिंग ताणली की आठवडाभर नाटक करते आणि परत बसते. घुमटाखालची पितळी चकती मात्र त्यांनी दोन सूत खाली सोडली, वारा खेळायला, आणि नऊ वॉटच्या जागी पाचचा बल्ब लावला.

नव्या बल्बावर तारीख आहे गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्याची. आता पुढचा पाडवा होऊन गेला, तो तसाच आहे. मध्ये एकदा काढून टिकल्या बघितल्या, दोन्ही चकचकीत. खोक्यातून परत आलेले ते तिघं न्हाणीघरात, माळ्यावर आणि तुळशीपाशी लागलेत, काळी टिकली पॉलिश पेपरनं घासून, आणि तुळशीपाशी लावलेल्याला आई रोज संध्याकाळी बटण दाबताना म्हणतात, हा बघ, मेलेला.