तीन वर्षांऐवजी एकच वर्ष: घरमालकांना लिहिलेलं पत्र

पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मेला संपत होता. घरमालक काकांनी नवा मसुदा पाठवला: ३६ महिने, भाडं २८,००० पासून, दरवर्षी ५ टक्के वाढ, अनामत १ लाख तशीच. भाडंही रास्त आणि वाढही. माझी अडचण होती ती सातव्या कलमात. लॉक-इन पूर्ण ३६ महिन्यांचा होता.

लॉक-इन म्हणजे त्या मुदतीत मी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागायचा हक्क मालकाला. समजा बदली झाली आणि १४ महिन्यांनी निघावं लागलं. मग दुसऱ्या वर्षाचे १० महिने २९,४०० रुपयांनी आणि तिसरं पूर्ण वर्ष ३०,८७० रुपयांनी, म्हणजे ६,६४,४४० रुपये. वाद न्यायालयात गेला तर मालकाचं वाजवी नुकसान किती एवढंच पाहिलं जातं, कलमात लिहिलेली सगळी रक्कम मिळतेच असं नाही. पण तोवर अनामत त्यांच्याच हातात असते, आणि भाडेकरू वकिलाच्या फीचा हिशेब करून गप्प बसतो.

पत्र लिहायच्या आधी त्यांच्या बाजूचा हिशेब केला, कारण "दरवर्षी करार म्हणजे दरवर्षी खर्च" असं ते म्हणणार हे ठाऊक होतं. महाराष्ट्रात अशा करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते मुदतीतलं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर. एका वर्षाचे ३,३६,००० आणि १०,००० मिळून शुल्क ८६५ रुपयांच्या आसपास. ३६ महिन्यांचं २,७२३ च्या आसपास. वाढ तीच धरून तीन वर्षं वेगवेगळे करार केले तरी शुल्काची बेरीज जवळपास तेवढीच येते. खरा फरक नोंदणी फीचा: महापालिका हद्दीत प्रत्येक करारामागे १,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांत २,००० जास्त. एजंटकडून करून घेतलं तर त्याची फी वेगळी.

पहिला मसुदा मी फाडला. त्यात "नोकरीची खात्री नाही" असं लिहिलं होतं. ते खरं असलं तरी मालक ते "भाडं थकेल" असं वाचतो. कारण बदलीचं द्यावं, पगाराचं नव्हे. शेवटी पाठवलेलं पत्र असं:

"स. न. वि. वि.
आपला ३६ महिन्यांचा मसुदा वाचला. भाडं आणि ५ टक्के वाढ दोन्ही मान्य. मात्र मी १२ महिन्यांचाच करार करू इच्छितो. माझी बदली कधीही होऊ शकते, आणि ३६ महिन्यांचा लॉक-इन पाळण्याचं वचन मी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. १२ महिन्यांत ६ महिने लॉक-इन आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस असावी. पुढच्या वर्षी आपण दोघं राजी असलो तर ५ टक्के वाढीनं नवा करार करू. दर वेळचं मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि एजंटची फी मी भरेन. घर दाखवायचं असल्यास नोटिशीच्या काळात आधी फोन करून कधीही यावं."

नोटिशीचं वाक्य काकांसाठी होतं. घर रिकामं राहील ही त्यांची खरी भीती, आणि दोन महिन्यांत नवा भाडेकरू शोधता येतो. शिवाय छोटी मुदत त्यांच्याही सोयीची आहे, हे मी पत्रात न लिहिता फोनवर सांगितलं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे राहत्या घराची लायसन्सची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई घेता येते आणि ताब्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पत्रात तेच वाक्य धमकीसारखं वाचलं गेलं असतं.

पत्र मुदतीच्या दोन महिने आधी, १ एप्रिलला गेलं. उत्तर आठवड्यात आलं. १२ महिने मान्य, पण लॉक-इन ८ महिने. मी घासाघीस केली नाही, कारण आठ महिन्यांची जोखीम मोजता येते.

एक चूक मात्र थोडक्यात टळली. आपण "नूतनीकरण" म्हणतो, पण कागदावर तो नवाच करार असतो आणि कलम ५५ प्रमाणे तो लेखी असून त्याची नोंदणी व्हावीच लागते. ती करून घेण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. एजंटच्या मसुद्यात अनामतीचा रकाना "आज दिले" असा भरलेला होता. तो बदलून "यापूर्वीच्या करारातील १,००,००० रुपये पुढे वळते केले" असं लिहून घेतलं, जुन्या कराराच्या तारखेसह आणि त्या वेळच्या बँक व्यवहाराच्या क्रमांकासह.