आमची वाटचाल : कांदा चिवडा, पुठ्ठ्याचं खोकं आणि कुरियरचं वाढीव बिल

आमचा धंदा म्हणजे सिडकोतल्या घरात मागच्या खोलीत कढई, दोन गॅस आणि सासूबाईंच्या हातचा कांदा चिवडा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीतल्या लोकांनी मागितला म्हणून सुरू झालं, मग कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची मुलगी ठाण्यात, असं करत करत पार्सलं बाहेर जायला लागली आणि एक दिवस ऑनलाइन कुरियर प्लॅटफॉर्मवर खातं उघडलं, वॉलेटमध्ये पैसे भरायचे आणि पार्सल बुक करायचं, पिकअपवाला पोरगा दारात येऊन घेऊन जातो. पहिली दोन वर्षं कशी गेली ते वेगळं सांगण्यासारखं काही नाही, चिवडा विकला आणि पैसे पुरले एवढंच. खरी शिकवणी झाली ती एका दिवाळीनंतर.

दिवाळीची धावपळ संपली आणि मी निवांत वॉलेट उघडलं तर १८३८ रुपये ४४ पैसे कमी. खाली एक यादी, ४१ पार्सलं, प्रत्येकासमोर "वेट डिस्क्रेपन्सी" आणि ४४.८४ रुपये. म्हणजे वाढीव अर्ध्या किलोचे ३८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. अर्धा किलो चिवड्याच्या एका खोक्यामागे आमच्या हातात जेमतेम पस्तीस रुपये उरतात, त्यामुळे त्या ४१ ऑर्डरी मी पदरचे पैसे घालून पाठवल्या असंच झालं. डोकंच फिरलं माझं. खोक्याचं वजन मी स्वतः केलेलं, ६६० ग्रॅम भरायचं, भाडं अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी म्हणजे स्लॅबनं लागतं, माझं बुकिंग एक किलोच्या स्लॅबमध्ये, आणि हे म्हणतात दीड किलो!

मी काय केलं, तर रागारागात एका रात्रीत ४१ च्या ४१ वर डिस्प्यूट टाकला, काट्यावर एक खोकं ठेवून फोटो काढला आणि तोच फोटो सगळ्यांना जोडला. चार दिवसांत सगळे रिजेक्ट. बरोबरच होतं ते, पण तेव्हा कळत नव्हतं.

आमच्या ह्यांनी मग शांतपणे टेप आणली आणि म्हणाले, वजनाचं सोड, खोकं मोज. कुरियरवाले दोन वजनं धरतात, एक काट्यावरचं आणि एक आकाराचं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक म्हणतात, आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचं बिल लावतात. आकाराचं वजन काढायचं म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची (हा ५००० आकडा आमच्या कॉन्ट्रॅक्टमधला, तुमचा वेगळा असू शकतो, आधी बघून घ्या). मी बुकिंगला टाकायचे २२ × १६ × १४. गुणाकार ४९२८, भागल्यावर ०.९८६ किलो. एक किलोच्या आत, पण अगदी काठावर!

आणि इथेच घोळ होता. हे २२ × १६ × १४ मी खोकेवाल्याच्या बिलावरून उचललेले, आणि अंबडच्या एमआयडीसीतले आमचे खोकेवाले काका माप देतात ते आतलं. फोन केला तर म्हणाले, "ताई, आत माल किती मावतो ते आम्ही सांगतो, बाहेरून कोण मोजतं?" कुरियरवाला मोजतो ना काका! पुठ्ठ्याची जाडी दोन्ही बाजूंनी धरली की लांबी २२.६, रुंदी १६.६, आणि उंचीत वरखाली झाकणाच्या दुहेरी घड्या येतात म्हणून ती जवळपास १५. मशीन पुढच्या पूर्ण सेंटीमीटरला नेतं, झालं २३ × १७ × १५, म्हणजे १.१७३ किलो, म्हणजे दीडचा स्लॅब. सरळ सांगायचं तर ती ४१ बिलं बरोबर होती. चूक माझी होती. वर दिवाळीच्या घाईत पाउचमध्ये हवा राहिलेली, झाकण मधून फुगलेलं, आणि हबमधलं स्कॅनिंग मशीन सगळ्यात बाहेरचं टोक धरतं, मग तो फुगवटा असो नाहीतर सुटलेल्या टेपचं शेपूट.

त्यानंतर खोकं बदललं. आता आतून २० × १४ × १२, बाहेरून सगळं पकडून २१ × १५ × १३. ह्याचं ०.८१९ येतं, आणि मुद्दाम असं निवडलं की तिन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर जास्त मोजलं गेलं तरी तेच जुने २२ × १६ × १४ होतात, म्हणजे किलोच्या आतच राहतो. अर्धा किलो एका पाउचमध्ये न भरता पाव पाव किलोचे दोन करतो, हवा काढून. फार दाबलं की पोह्यांचा भुगा होतो आणि सासूबाई ओरडतात, त्यामुळे तेही बेतानंच.

एवढं करूनही बिलं येतात, पण आता ती लढता येतात. फेब्रुवारीत कोल्हापूरचं एक पार्सल दोन किलोला लावलं, ८९ रुपये ६८ पैसे वाढीव. त्यांचं माप उघडून बघितलं तर २१ × १५ × २६. लांबी रुंदी तंतोतंत आमची आणि उंची बरोबर दुप्पट! काट्यावरचं वजनही १.३२० किलो, आमच्या ६६० ची दुप्पट. म्हणजे पट्ट्यावर आमची दोन खोकी एकावर एक चढून गेलेली. डिस्प्यूटमध्ये एवढंच लिहिलं, की माप आणि वजन दोन्ही नेमकं दुप्पट आहे, त्याच दिवशी आमची दोन पार्सलं होती, दुसऱ्याचा नंबर हा, दोन्हीचे फोटो जोडलेत. पाच दिवसांत पैसे वॉलेटला परत. म्हणून बिल आलं की आधी रक्कम नाही, त्यांची तीन मापं बघायची. एकेक सेंटीमीटरचा फरक असेल तर बहुतेक आपलंच खोकं फुगलेलं असतं, पण आकडा विचित्र असेल, किंवा त्यांच्या फोटोतलं खोकं आपलं दिसतच नसेल, तर तिथे दम आहे.

फोटो मात्र पिकअपच्या आधीच काढून ठेवावे लागतात, पार्सल गेल्यावर काय काढणार. आम्ही प्रत्येक पार्सलाचे चार काढतो. पहिला काट्यावर, डिस्प्लेचा आकडा आणि लेबलवरचा एडब्ल्यूबी, म्हणजे त्या पार्सलाचा ट्रॅकिंग नंबर, एकाच फोटोत वाचता आला पाहिजे (माझ्या त्या ४१ मध्ये नेमका हाच नव्हता, एकच फोटो सगळ्यांना कसा चालेल?). मग लांबी, रुंदी, उंची, प्रत्येकीला टेप लावून, टेपचा शून्यही दिसायला हवा, नाहीतर "इमेज नॉट क्लिअर" म्हणून परत. दिवसाला पंधरा पार्सलं असली तर वीस मिनिटं जातात. पुतण्या करतो, त्याबदल्यात त्याला चिवडा फुकट.

आणखी एक, सीओडी पार्सल परत आलं तर परतीचं भाडंही त्याच वाढीव वजनानं लागतं, म्हणून त्याचा डिस्प्यूट मी सगळ्यात आधी टाकते.

मुदत आमच्याकडे सात दिवसांची आहे. नंतर बिल आपोआप मान्य केल्यासारखं धरतात आणि कस्टमर केअरला कितीही फोन करा, काही होत नाही. गेल्या महिन्यात तीन बिलं आली, दोन मी परत मिळवली. तिसरं आलं तेव्हा आम्ही सगळे नवस फेडायला सप्तशृंगी गडावर, मग घरी पाहुणे, आणि मी वॉलेट उघडलं तो आठवा दिवस होता. फोटो चारही होते मोबाईलमध्ये, एकदम स्पष्ट.