तुम्ही विचारलंत म्हणून: तो नंबर कशाला हवा

"लेखातल्या चित्राखाली चित्रकाराचं नाव आहे, साल आहे, लिंकपण दिलीये. आता म्युझियमने त्या वस्तूला दिलेला नंबर आणखी कशाला?"

कारण लेखात तुम्ही चित्राबद्दल काहीतरी म्हणताय, आणि वाचणाऱ्याला ते त्याच चित्रावर बघून ताडता आलं पाहिजे. मी लेख तपासते तेव्हा एवढंच मागते. खवचटपणा करायची मला हौस नाही, पण दर वेळी तोच चेहरा बघून आता वैताग येतो.

एक प्रसंग सांगते, मग काय ते ठरवा. एका अभ्यासकाने जपानी चित्रकार होकुसाईच्या 'ग्रेट वेव्ह' या मोठ्या लाटेच्या चित्रावर निबंध दिला होता. चांगला होता, खरंच. त्यातला मुख्य मुद्दा असा की लाटेमागचं आकाश मुद्दाम रिकामं ठेवलंय, तिथे काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीमुळे लाट अंगावर येते. दोन परिच्छेद या रिकामेपणावर उभे. चित्राखाली ओळ होती: होकुसाई, द ग्रेट वेव्ह, 1831, स्रोत इंटरनेट. निबंध वाचून एकाने लिहिलं, अहो आकाशात गुलाबी ढग आहे की, तुम्ही चित्र नीट बघितलंय का? अभ्यासक भडकला, त्याने तीच इमेज परत पाठवली, तिच्यात ढग नव्हता. समोरच्यानेही स्वतःची इमेज पाठवली, तिच्यात फिकट का होईना पण ढग होता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांपैकी कोणाकडेही नंबर नव्हता.

हे चित्र म्हणजे एकच कॅनव्हास नव्हे हो, लाकडी ठशांवरून छापलेली प्रिंट आहे. जपानमध्ये 1830 च्या आसपास हजारोंनी छापली गेली, आणि उरलेल्या प्रती जगभरच्या संग्रहांत विखुरल्यात. त्या सगळ्या सारख्या नाहीत. आकाशातला गुलाबी रंग उजेडाने उडतो, काही प्रतींमध्ये जवळजवळ दिसेनासा झालाय. ठसा झिजतो तेही प्रतीवर दिसतं. डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे, सुरुवातीच्या प्रतींत तिची रेघ अखंड असते, नंतरच्यांत तुटलेली. झूम करून बघा, कळेल. म्हणजे "आकाश रिकामं" हे होकुसाईबद्दलचं विधान आहे की एका उडालेल्या प्रतीबद्दलचं, हाच प्रश्न होता, आणि "स्रोत इंटरनेट" वरून त्याचं उत्तर कसं द्यायचं? ती इमेज कुठल्या प्रतीची हे आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. ते दोन परिच्छेद काढावे लागले. त्याला फार लागलं ते, मलाही वाईट वाटलं, कारण मुद्दा कदाचित बरोबरही असेल.

ओळ अशी हवी होती: कात्सुशिका होकुसाई, 'कानागावाच्या समुद्रातल्या लाटेखाली', फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांच्या मालिकेतून, सुमारे 1830–32, रंगीत लाकूड-ठसा प्रिंट, 25.7 × 37.9 सेंमी, मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट, न्यूयॉर्क, JP1847. शीर्षकं भाषेगणिक बदलतात, लिंक तुटतात, पण JP1847 टाकलं की तीच प्रत समोर येते. फक्त नंबरमधल्या सालाला फसू नका. ब्रिटिश म्युझियमच्या एका प्रतीचा नंबर 2008,3008.1.JA असा आहे, त्यातलं 2008 म्हणजे ती प्रत त्यांच्याकडे आली ते साल, छपाईचं नव्हे.

फोटोचंही तेच. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा 1936 चा 'मायग्रंट मदर' हा फोटो घ्या, उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो नंतर निगेटिव्हवरून घालवला. तुमच्या फोटोत अंगठा आहे की नाही? आणि छापील नकाशांत तर बरेचदा जुन्याच प्लेटवर भर घालून पुन्हा छापायचे, वरचं साल तसंच ठेवून, म्हणून कुठल्या संग्रहातला नकाशा ते लिहा.

एक गोष्ट मान्य करते. पूर्वी मी म्हणायचे, म्युझियमची माहिती पूर्ण द्या, बास, इमेज कुठून घेतली ते कोण विचारतंय. आता मी दोन्ही मागते, म्हणजे वस्तू कुठली आणि तुम्ही ती कशात पाहिलीत, पुस्तकातल्या प्लेटवर की म्युझियमच्या पानावर, कारण छपाईतही गुलाबी उडतो. यावर लोक म्हणतात ओळ चित्रापेक्षा लांब झाली. झालीय खरी. मग मी लांब भाग तळटीपेत टाकायला सांगते, चित्राखाली नाव, साल, संग्रह, नंबर एवढंच.

लिलावात दिसलेल्या प्रतीचं काय हे मात्र मला अजून नक्की सांगता येत नाही. लिलावगृह, तारीख, लॉट नंबर देता येतो, पण विकल्यावर ती प्रत कोणाच्या घरात जाते ते कळत नाही आणि वाचणाऱ्याला कॅटलॉगमधला फोटो सोडून काहीच बघता येत नाही. मी म्हणते अशा प्रतीवर मुख्य मुद्दा उभा करू नका. ज्याचे परिच्छेद गेले तो म्हणतो, मग खासगी संग्रहांतल्या प्रतींबद्दल कोणी लिहायचंच नाही का? त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.