रणगाडा पेटला तेव्हा टाळ्या पडल्या

मी किशोरवयीन मुलांना सिनेमा दाखवते आणि त्यावर बोलतं करते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी युद्धपट निवडायचा म्हटलं की पालक आणि शिक्षक पहिल्यांदा विचारतात, रक्त किती आहे? मला त्याहून जास्त काळजी असते ती रक्त न दाखवता युद्ध मजेशीर करणाऱ्या सिनेमांची. त्यात माणसं पत्त्यांसारखी कोसळतात, कॅमेरा लगेच पुढच्या स्फोटाकडे वळतो आणि पडद्यावर मेलेल्याचं नाव कोणालाच माहीत नसतं.

त्या दिवशी मी बर्नहार्ड विकी यांचा ‘डी ब्रूक’, म्हणजे ‘पूल’, लावला होता. १९५९ चा कृष्णधवल जर्मन सिनेमा, खाली सबटायटल. निवडीचं कारण सरळ होतं: दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पूल राखायला पाठवलेली त्यातली सातही मुलं बघणाऱ्यांच्याच वयाची, सोळाच्या आसपासची. सुरू करण्याआधी गटाला एवढंच सांगितलं की यात काही मरण लवकर संपत नाही, कोणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर विचारायची गरज नाही, आणि खोलीत पूर्ण अंधार नसेल. शेवट मात्र सांगितला नाही.

पहिला जवळजवळ अर्धा सिनेमा युद्धाचा वाटतच नाही. नदीकाठी एक होडी दुरुस्त होते आहे, वर्गात तास चालला आहे, एकाला वडिलांच्या केशकर्तनालयात काम करणारी मुलगी आवडते, दुसऱ्याचे वडील गावातले नाझी पुढारी आहेत आणि स्वतः पळायच्या तयारीत आहेत. माझ्या गटात चुळबूळ सुरू झाली. एकाने विचारलंच, “ताई, युद्ध कधी सुरू होणार?” मी म्हटलं, थांब. हा अर्धा भाग कापून टाकला तर पुढे पुलावर सात गणवेश मरतील. तो असल्यामुळे वॉल्टर, कार्ल, सिगी मरतात. या सिनेमाची सगळी ताकद त्या संथपणात आहे, असं माझं मत आहे. घाईने मधली दृश्यं पुढे ढकलून दाखवणारे लोक मला भेटतात, आणि मग मुलांवर परिणाम झाला नाही अशी तक्रार करतात.

भरतीचं पत्र येतं तेव्हा ही मुलं आनंदाने नाचतात. एका दिवसाचं प्रशिक्षण होतं, रात्रीच धोक्याची सूचना येते. त्यांचे शिक्षक लष्करी अधिकाऱ्याकडे जाऊन विनवतात की निदान या पोरांना सोडा. अधिकारी त्यांना आघाडीवर न पाठवता गावातल्या पुलावर ठेवतो. पूल तसाही उडवून द्यायचा आहे, म्हणजे तिथे लढाई होणार नाही, असा हिशेब. हाइलमान नावाचा एक अनुभवी जमादार सोबत दिला जातो. तो रात्री मुलांसाठी कॉफी मिळते का ते पाहायला गावात जातो. लष्करी पोलीस त्याला पळपुटा समजून गोळी घालतात. पूल उडवायचा आहे हे ज्याला ठाऊक होतं आणि जो मुलांना घरी पाठवू शकला असता तो एकमेव मोठा माणूस असा जातो. मुलं पुलावर त्याची वाट बघत बसतात. इथे मी गटाकडे पाहिलं. सगळे शांत होते, पण अस्वस्थ नव्हते. अजून त्यांना हे साहसच वाटत होतं.

मग विमान येतं. सिगी सगळ्यांत लहानखुरा. आधी एकदा विमान आलं तेव्हा त्याने जमिनीवर झेप घेतली होती आणि बाकीच्यांनी त्याला भित्रा म्हणून चिडवलं होतं. यावेळी सगळे आडवे होतात, तो उभाच राहतो. एवढंच कारण. माझ्या गटातल्या एका मुलीने तोंडावर हात ठेवला. बाकीच्यांना पहिल्या क्षणी कळलंच नाही, कारण दिग्दर्शक ते मोठं करून दाखवत नाही.

पुढे अमेरिकन रणगाडे येतात. मुलांच्या हाती खांद्यावरून मारायची रणगाडाविरोधी नळकांडी आहेत. पहिला रणगाडा पेटला आणि माझ्या खोलीत टाळ्या पडल्या. थोड्या नाही, चांगल्या जोरात. मागच्या रांगेतल्या एका मुलाने तर मूठ हवेत उडवली. मी काही बोलले नाही, कारण सिनेमाला पुढे स्वतःच बोलायचं असतं.

एक अमेरिकन सैनिक आडोशातून बाहेर येऊन ओरडतो की थांबा, आम्ही पोरांशी लढत नाही, घरी जा, नाहीतर बालवाडीत जा. ‘बालवाडी’ हा शब्द ऐकताच कार्ल चिडतो आणि त्याच्या पोटात गोळी घालतो. तो माणूस पटकन मरत नाही. तो ओरडत राहतो, आणि कॅमेरा त्याच्यापासून हलत नाही. नंतर कार्लही मारला जातो, आणि त्याच्या शेजारी असलेला क्लाउस भान हरपून गोळीबारातच धावत सुटतो. टाळ्या वाजवणारी मुलं आता खुर्चीत मागे सरकली होती. दोघे बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परत आले.

शेवटी अमेरिकन मागे हटतात. पूल ‘वाचतो’. मग जर्मनांचीच तुकडी पूल उडवायला येते आणि तिचा प्रमुख मुलांनाच झापतो की हे काय करून ठेवलंत. वाद चिघळतो, उरलेल्या दोन मुलांपैकी अल्बर्ट त्या प्रमुखाला गोळी घालतो, आणि निघून जाताना त्याचे सैनिक जो गोळीबार करतात त्यात हान्स मरतो. सातांपैकी अल्बर्ट एकटा घरी चालत जातो. पडद्यावर ओळ येते की ही घटना २७ एप्रिल १९४५ रोजी घडली, आणि ती इतकी किरकोळ होती की कोणत्याही लष्करी वृत्तात तिचा उल्लेख झाला नाही. तीनच दिवसांनी हिटलरने आत्महत्या केली. ८ मे रोजी युरोपातलं युद्ध संपलं.

दिवे लावले आणि मी विचारलं, टाळ्या कशाला वाजवल्या? ओरडण्याचा सूर नव्हता, मला खरंच ऐकायचं होतं. मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला, “ताई, ती पोरं जिंकत होती ना. एवढ्या मोठ्या रणगाड्यासमोर.” दुसरी म्हणाली, “नाही, सुटका झाल्यासारखं वाटलं. अर्धा सिनेमा आपण वाट बघत होतो.” हे उत्तर मला फार नेमकं वाटलं. फ्रान्स्वा त्रुफो हे फ्रेंच दिग्दर्शक म्हणत की युद्धावरचा प्रत्येक सिनेमा शेवटी युद्धाच्या बाजूचाच होतो. कारण तेच: हालचाल, धोका आणि स्फोट पडद्यावर आकर्षकच दिसतात. विकी ते आकर्षण टाळत नाहीत. आधी ते आपल्याकडून टाळी वसूल करतात आणि मग तिची किंमत त्या ओरडणाऱ्या सैनिकाच्या रूपाने समोर ठेवतात.

मी रणगाड्याचा आणि त्या सैनिकाचा असे दोन प्रसंग पुन्हा लावले, यावेळी आवाज बंद करून. युद्धपट पारखायची मला माहीत असलेली ही सगळ्यांत सोपी रीत. उदात्त पार्श्वसंगीत आणि स्फोटांचा गडगडाट काढून टाकला की पडद्यावर प्रत्यक्ष काय घडतंय ते दिसतं. आवाज नसताना रणगाड्याचा प्रसंग एकदम लहान झाला. चाणाक्ष नजरेच्या एकीने तर ओळखलं की रणगाड्याखाली पट्टे नाहीत, चाकं आहेत. बरोबर होतं, ते ट्रकवर चढवलेले लाकडी सांगाडे होते. सगळे हसले. पुढच्या प्रसंगात मात्र हसू आलं नाही. आवाजाशिवायही तो माणूस तितकाच वेळ मरत राहिला. मी त्यांना प्रश्न दिला, की एखाद्याला गोळी लागल्यावर कॅमेरा त्याच्यापाशी किती वेळ थांबतो ते मोजा. गौरव करणारे सिनेमे बहुतेक वेळा शत्रूपाशी थांबत नाहीत, आपल्या नायकापाशी मात्र मान झुकवून, व्हायोलिनसह थांबतात. इथे शत्रूच्या मरणाला वेळ मिळाला होता.

नंतर फळ्यावर उलटा प्रवास केला: या मुलांना कोणी मारलं? पहिलं उत्तर ‘अमेरिकनांनी’ आलं. मग नावागणिक खोडाखोड सुरू झाली. हान्सला तर त्यांच्याच बाजूच्या गोळ्या लागल्या. सिगीला चिडवण्याने मारलं असं एकीने लिहिलं. हाइलमानला मारणारे पोलीस आले. नंतर ज्या शिक्षकांनी मुलांसाठी रदबदली केली त्यांच्यावर खडाजंगी झाली, कारण ते गप्प बसले असते तर मुलं पुलावर नसती, पण मग आघाडीवर असती. एक जण म्हणाला, “म्हणजे चांगुलपणाही कामाला आला नाही.” मला याला पटकन उत्तर द्यायचं नव्हतं, आणि दिलंही नाही.

मागच्या रांगेतल्या मुलाचं मत बदललं नाही, हेही सांगते. तो म्हणाला, “सगळं पटलं, पण रणगाड्याचाच प्रसंग भारी आहे, मी तो पुन्हा बघणार.” तो प्रामाणिक होता, आणि त्रुफोंचं म्हणणंही त्याने असंच सिद्ध केलं. सिनेमा बघून युद्धाचं आकर्षण धुऊन निघतं असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. टाळी कधी वाजली हे त्याला स्वतःला माहीत झालं, एवढंच काय ते.

वेळ संपत आली तेव्हा एकाने विचारलं, अल्बर्टचं पुढे काय झालं? सिनेमा ते दाखवत नाही. पण ज्या कादंबरीवर तो बेतला आहे ती लिहिणारा माणूस दाखवता येतो. ती १९५८ साली मॅन्फ्रेड ग्रेगोर या टोपणनावाने आली होती. लेखक ग्रेगोर डॉर्फमाइस्टर स्वतः १९२९ चा, म्हणजे १९४५ च्या वसंतात सोळा वर्षांचा. त्यालाही युद्धाच्या शेवटच्या दिवसांत असंच पाठवलं गेलं होतं. तो वाचला आणि पुढे पत्रकार झाला. हे ऐकून त्या मुलाने पुस्तक कुठल्या भाषेत मिळेल ते विचारलं.

पुढच्या वेळी काय बघायचं यावर गटात मतभेद आहेत. काहींना एलेम क्लिमोव यांचा ‘कम अँड सी’ हवा आहे. तो मी या वयाला देत नाही. त्यातली क्रूरता इतकी सलग आहे की मुलं सुन्न होऊन बसतात आणि सुन्न मुलं प्रश्न विचारत नाहीत. मी इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ सुचवला आहे. त्यात रणगाडाच नाही. बॉम्बफेकीनंतर उरलेली दोन भावंडं आहेत आणि हळूहळू संपत जाणारं अन्न आहे. मागच्या रांगेतल्या मुलाने विचारलं, “मग त्यात टाळ्या वाजवायला काहीच नाही?” नाही म्हटल्यावर त्याने नाव वहीत लिहून घेतलं.